विमा आहे, पण इंजिनाचा नाही!

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईतील असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. पुरामुळे होणारी अशी हानी मोटारीच्या सर्वंकष विम्यात समाविष्ट असते. परंतु पाण्यात उभी असलेली मोटार मालकाने सुरू करू पाहिली, तर इंजिन हवेबरोबर पाणीही ओढून घेते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो. ही हानी पुराची नसून मालकाच्या कृतीची आहे, असे सांगून विमा कंपनी इंजिनाचा खर्च सहसा नाकारते. भिजलेल्या आसनांची भरपाई मात्र मिळू शकते. यास्तव किल्ली न फिरवता प्रथम कंपनीस कळवावे आणि मोटार ओढून न्यावी. इंजिनासाठी जादा हप्ता भरून स्वतंत्र संरक्षणही घेता येते.