हत्ती कुणाला दिसला?

पहिल्याच स्लाइडवर हत्ती होता. त्याच्या सोंडेला, पायाला, कानाला हात लावून उभी असलेली आंधळी माणसं होती आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘धार्मिक अनेकत्ववाद’ असं लिहिलेलं होतं. व्हायवा चार दिवसांवर आलेला. मॅडमच्या केबिनमध्ये रंगीत तालीम चालू होती आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चहा पीत होतो. मॅडम माझ्या जुन्या मैत्रीण, तेव्हा मला ‘प्रेक्षक’ म्हणून बोलावणं होतं. व्हायवाला बाहेरचं कुणीही येऊन बसू शकतं, म्हणून मुलीला अनोळखी चेहऱ्यासमोर बोलायची सवय व्हावी, एवढाच माझा उपयोग.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “हे आंधळे आहेत. मग हा हत्ती आहे, हे कुणाला कळलं?”

ती गोंधळली. “गोष्ट सांगणाऱ्याला.”

“म्हणजे त्याला दिसत होतं. सगळे धर्म चाचपडतायत आणि तू एकटी डोळस. एक्स्टर्नलनं एवढंच विचारलं तर काय करशील?”

ती गप्प. मीही चहाचा कप खाली ठेवला, कारण ही गोष्ट मी आजवर पन्नास भाषणांत ऐकली असेल आणि हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

मूळ गोष्ट पाली ‘उदान’ या ग्रंथात आहे. श्रावस्तीचा एक राजा जन्मांधांना गोळा करतो, त्यांना हत्ती ‘दाखवतो’, आणि प्रत्येक जण आपल्या हाताला लागलं तेच खरं म्हणून भांडू लागतो. राजाला मौज वाटते. लक्षात घ्या, राजाला सबंध हत्ती दिसतोय. तो दिसत नसता तर गोष्टच झाली नसती. हा आक्षेप लेस्ली न्यूबिगिन या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञानं 1989 च्या आपल्या पुस्तकात नेमका मांडला. हे गृहस्थ कित्येक वर्षं तमिळनाडूत मिशनरी होते, पुढे बिशप झाले. त्यांचं म्हणणं असं की, ही गोष्ट वरवर नम्र वाटते. पण सांगणारा स्वतःला राजाच्या जागी बसवतो, म्हणून ती मुळात उद्धट आहे.

“मग स्लाइड काढू?” तिनं विचारलं.

“आधी उत्तर दे. मग काढ किंवा ठेव.”

प्रबंध होता जॉन हिक यांच्या अनेकत्ववादावर, आणि शेवटच्या प्रकरणात त्याच कसोटीवर एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ तपासलेला. हिक (1922–2012) हे ब्रिटिश तत्त्वज्ञ. कायद्याचा विद्यार्थी असताना ते कडव्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. येशूशिवाय तरणोपाय नाही, या मताचे. 1967 मध्ये ते बर्मिंगहॅमला प्राध्यापक म्हणून गेले. त्या शहरात तेव्हा भारत-पाकिस्तानातून, कॅरिबियन बेटांतून आलेली कुटुंबं वस्ती करत होती आणि वंशद्वेषाविरुद्धच्या कामात हिक स्वतः उतरले होते. त्या कामाच्या निमित्तानं मशिदीत, गुरुद्वारात, सिनेगॉगमध्ये, देवळात जाणं झालं. तिथली भाषा, कर्मकांड सगळं वेगळं. पण माणसं जे करत होती ते त्यांना चर्चमध्ये चालायचं तसंच वाटलं. एका उच्च सत्तेपुढे मन मोकळं करणं, आणि त्यातून जमेल तितकं चांगलं जगण्याची धडपड. मग उरलेल्या जगाला तरणोपाय नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

यातून त्यांनी बांधलेला सिद्धान्त 1989 च्या ‘अॅन इंटरप्रिटेशन ऑफ रिलिजन’ या ग्रंथात सविस्तर आहे. कान्टनं वस्तू ‘स्वतः जशी आहे’ आणि ‘आपल्याला जशी दिसते’ असा भेद केला होता. तो हिक यांनी परमसत्याला लावला. परमसत्य स्वतः कसं आहे ते कुणालाच कळत नाही. आपल्या वाट्याला येतं ते आपल्या परंपरेच्या भिंगातून आलेलं रूप: कुणाला अल्लाह, कुणाला विष्णू, कुणाला शून्यता. कोणती परंपरा खरी, याची परीक्षा मग वर्णनावरून करता येत नाही. ती माणसावरून करायची. माणूस ‘मी’च्या भोवती फिरायचा थांबून परमसत्याच्या भोवती फिरू लागला का?

“आता सांग,” मॅडम म्हणाल्या, “हिक राजाच्या जागी बसले की नाही?”

ती दोन मिनिटं कान्टवर बोलली. मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. “मी कान्ट विचारला नाही. घाबरलं की विद्यार्थी इतिहास सांगतो. परीक्षकाला ते लगेच कळतं. पहिल्या वाक्यात हो किंवा नाही.”

“नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “हिक असं म्हणत नाहीत की मला हत्ती दिसला. ते म्हणतात, मीही आंधळ्यांतलाच. पण आम्ही सगळे हात लावून बदललो, आणि साधारण सारखेच बदललो. तेव्हा समोर काहीतरी आहे आणि ते आमच्या वर्णनांपेक्षा मोठं आहे, असं मानणं सयुक्तिक आहे. हा अंदाज आहे. वरून पाहिलेलं नाही, खालून अनुमान केलंय.”

“हं. हे तुझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे?”

“तळटीपेत आहे.”

“तळटीपेत!” मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती तळटीप मीच लिहिली होती.

इथे व्हायवाच्या रिवाजाविषयी दोन शब्द. प्रबंध आधी बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात आणि मगच तोंडी परीक्षेची तारीख पडते. म्हणजे कोणते प्रश्न येणार, याचा निम्मा अंदाज अहवालावरूनच लागतो. एका अहवालात एक ओळ होती: उमेदवारानं गॅविन डी’कोस्टा यांच्या टीकेला पुरेसं उत्तर दिलेलं नाही. मॅडमनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून ठेवली होती.

डी’कोस्टा यांनी 1996 च्या एका लेखात म्हटलं की, अनेकत्ववाद नावाचं काही नाहीच. ते वेष पालटलेलं अपवर्जन आहे. ‘माझाच मार्ग खरा’ म्हणणारा इतरांना बाहेर ठेवतो. ‘तुमचे मार्गही माझ्याच मार्गात सामावतात’ म्हणणारा इतरांना आत घेतो, पण आपल्या अटीवर. आणि अनेकत्ववादी? ‘मी’पण सोडणं हीच मोक्षाची कसोटी, असं तो ठरवतो आणि जे त्यात बसत नाही ते बाद करतो. कसोटी आली की कुणीतरी बाहेर राहणारच.

“बरोबर आहे की चूक?” मॅडमनी विचारलं.

“अर्धं बरोबर आहे,” आता ती सरळ बसली होती. “कोणतंही विधान केलं की त्याच्या उलटं विधान आपण नाकारतोच. त्या अर्थानं सगळेच अपवर्जक. पण त्या अर्थानं शब्द वापरला तर त्यात काही अर्थच उरत नाही. खरा प्रश्न असा की, तरणोपाय कुणाला नाकारला? हिक कुठल्याही थोर परंपरेतल्या माणसाला तो नाकारत नाहीत. शिवाय अनेकत्ववाद हा धर्म नाही. धर्मांच्या आपसातल्या नात्याविषयीचा तो सिद्धान्त आहे. त्याची प्रार्थना नाही, देऊळ नाही.”

“पण तो सिद्धान्त मुसलमानाला सांगतो की, तुझा अल्लाह हे भिंगातलं रूप आहे. ते त्याला मान्य आहे?”

“नाही.” ती हसली. “आणि वैष्णवालाही नाही.”

“मग तेही म्हण. लपवू नकोस. जे तुला सोडवता आलं नाही ते तू आधी सांगितलंस तर ती मर्यादा. परीक्षकानं सांगितलं तर ती चूक.”

मला हे वाक्य फारच चलाखीचं वाटलं. पण खरंय. आपल्याकडे ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, समभाव ही वृत्ती आहे आणि अनेकत्ववाद हा दावा आहे, हा फरक पुसून जातो. शेजाऱ्याच्या धर्माचा मान राखायला त्याचा धर्म खरा आहे असं मानावं लागत नाही. ‘माझाच देव खरा’ म्हणणारा माणूसही उत्तम शेजारी असू शकतो. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी अकरा वेळा आले होते. मॅडमनी पिवळ्या चिठ्ठ्या लावून मोजले होते.

खरी चकमक उडाली ती एकनाथांवरून.

‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड सोळाव्या शतकातलं, पैठणच्या एकनाथांचं. त्यात दोघं सभ्यपणे चर्चा करत नाहीत, चांगले भांडतात. तुर्क काफर म्हणतो, हिंदू विटाळ होईल म्हणून लांब सरतो. एक पुराणातल्या देवांच्या उद्योगांची थट्टा करतो. दुसरा विचारतो, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड करून हाका कशाला? सोवळं-ओवळं, पशुहत्या, काही सुटत नाही. आणि शेवटी दोघं एकमेकांना आलिंगन देतात. तिच्या प्रबंधाचं विधान होतं: एकनाथ हे अनेकत्ववादी होते, हिक यांच्या चारशे वर्षं आधी.

“समेट कोणाच्या अंगणात होतो?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे?”

“शेवटी दोघं ज्या भूमीवर भेटतात ती कुठली? भेद मावळला, अद्वैत उरलं. ही भाषा तुर्काची आहे की हिंदूची?”

ती पानं उलटू लागली. बराच वेळ गेला. पंख्यानं एक पिवळी चिठ्ठी उडवली आणि मी ती उचलून दिली.

“हिंदूची,” ती म्हणाली. “मग एकनाथ समावेशक झाले. तुर्काला आत घेतलं, पण वेदान्ताच्या अटीवर.” तिचा चेहरा उतरला. साडेचार वर्षांचं काम एका प्रश्नात कोसळताना पाहणं बरं वाटत नाही.

“एवढ्यात हार मानू नकोस. आता दुसरी बाजू लढव.”

तिनं पाणी प्यायलं. मग हळूहळू बोलू लागली. भांडणाच्या मधल्या भागात हिंदूची बाजू पडते, हे तिनं दाखवलं. तुर्क त्याच्या जातीपातीवर, जेवणातल्या शिवाशिवीवर बोट ठेवतो आणि हिंदूला कबूल करावं लागतं की, हा तंटा जातीधर्मामुळे वाढला, देवापुढे तो उरत नाही. म्हणजे शेवटची भाषा वेदान्ताची असली तरी तिथवर पोचायला हिंदूला तुर्काकडून काहीतरी ऐकून घ्यावं लागलं. नुसत्या समावेशकाला समोरच्याकडून शिकायचं काहीच नसतं. “आणि मॅडम, हिक यांच्या सिद्धान्तात कुणी भांडतच नाही. सगळ्यांची भिंगं समान. एकनाथांकडे आधी अपमान आहे, मग ऐकणं आहे. त्यांना अनेकत्ववादी म्हणणं चूक आहे, समावेशक म्हणणंही अपुरं आहे. त्या तीन खोक्यांत हे भारूड बसत नाही.”

तीन खोकी म्हणजे अपवर्जन, समावेश आणि अनेकत्व. अॅलन रेस यांनी 1983 मध्ये ती प्रचलित केली. मूळ प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राचा होता, ख्रिस्ताशिवाय उद्धार आहे का हा. पैठणच्या भारुडाला तो कधी पडलाच नव्हता.

मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे प्रबंधात कुठे आहे?”

“कुठेच नाही. आत्ता सुचलं.”

“प्रबंध आता बदलता येणार नाही. पण व्हायवात बोलता येईल. ‘माझं शेवटच्या प्रकरणातलं विधान मी आज अधिक सावधपणे मांडेन’, एवढं म्हणून मग हे सांग. तीन मिनिटांत. वेळ लावून बोल.”

तिनं मोबाइलवर वेळ लावली. पहिल्यांदा साडेसहा मिनिटं लागली, कारण ती पुन्हा कान्टपासून सुरू झाली होती. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा तीनला दहा सेकंद कमी.

निघताना तिनं लॅपटॉप उघडला आणि पहिली स्लाइड समोर आणली. हत्ती काढला नाही. त्याच्या बाजूला, आधी नव्हता तो, मुकुट घातलेला राजा आणून बसवला आणि त्याच्या डोक्यावर एक प्रश्नचिन्ह काढलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

“मुकुट जरा लहान कर,” त्या म्हणाल्या.