समृद्धीवर टोल उतरताना

नागपूरहून समृद्धी महामार्गावर चढताना फास्टॅग वाचला जातो, पण पैसे कापले जातात ते उतरताना, जितके अंतर कापले तितके. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर शिल्लक कमी असल्याचे म्हणूनच शेवटी लक्षात येते, आणि टॅगशिवाय दुप्पट टोल भरावा लागतो. बूथवर उभे राहून रिचार्ज करू नका. खात्यात पैसे आले तरी टॅगची स्थिती बदलायला वेळ लागतो. निघण्यापूर्वीच शिल्लक पाहा. टॅग काचेला आतून, आरशामागे घट्ट चिकटवा. हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो. रांग निवडताना मात्र ट्रकमागे थांबू नका. पेट्रोल आणि चहाचे थांबेही आधीच ठरवा, मधेच धाबा दिसला म्हणून कुठेही उतरता येत नाही.