डिपॉझिटचा तिढा आणि तडजोडीचं पत्र

पुण्यातला नेहमीचा प्रसंग घेऊ. भाडेकरू तेहतीस महिने राहून घर सोडतो. डिपॉझिट ९०,००० रुपये. घरमालक त्यातून ३२,००० कापायचं म्हणतात: रंगकाम २४,०००, फुटलेलं वॉशबेसिन ६,०००, थकलेलं वीजबिल २,०००. भाडेकरूला कपात मान्य नाही, मालक बाकीचेही पैसे देत नाहीत.

अशा वेळी ‘थोडं तुम्ही सोडा, थोडं मी सोडतो’ असं लिहून काही हाती लागत नाही. पत्रात प्रत्येक कपातीचा वेगळा विचार हवा. वीजबिल वापराचं आहे, ते पूर्ण मान्य करावं. बेसिन आपल्या हातून फुटलं असेल, तर दुरुस्तीची पावती मागून तेही मान्य करावं. खरा वाद रंगाचा. राहत्या घराचा रंग फिकट होणं ही नेहमीची झीज आहे. करारात रंगकामाची वेगळी अट नसेल, तर तिचा खर्च भाडेकरूवर टाकणं योग्य नाही. भिंतीला पाडलेली भोकं मात्र नुकसानीत येतात. म्हणून आधी करारातलं डिपॉझिटचं कलम आणि घर सोडतानाचे फोटो पाहावेत.

मग पत्र असं लिहिता येईल:

‘माननीय काका, स.न.वि.वि. हे पत्र दोघांचेही कायदेशीर हक्क अबाधित ठेवून, केवळ तडजोडीसाठी लिहीत आहे. ते पुरावा म्हणून वापरू नये. वीजबिलाचे २,००० आणि पावतीनुसार बेसिनचे ६,००० मला मान्य आहेत. बेडरूमच्या भिंतीला मी खिळे ठोकले होते, त्या खोलीच्या रंगाचे ६,००० देण्याची तयारी आहे. बाकीचा रंग वापराने फिकट झाला आहे. एकूण १४,००० वजा करून ७६,००० रुपये दहा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. ते मिळाल्यावर डिपॉझिटचा हिशेब पूर्ण झाल्याचं लिहून देईन.’

यातलं पहिलं वाक्य सर्वांत मोलाचं. दिवाणी वादात अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही, असं साक्ष कायदा सांगतो. ते वाक्य नसेल, तर उद्या कोर्टात मालक म्हणू शकतात, ‘रंगाचे पैसे देणं यांनीच कबूल केलं होतं.’

याची दुसरी बाजूही आहे. हे पत्र मागणीची नोटीस म्हणून कोर्टापुढे ठेवायला उपयोगी पडत नाही. म्हणून पूर्ण रकमेची मागणी करणारं, चावी दिल्याची तारीख नोंदवणारं पत्र आधी वेगळं पाठवावं आणि त्याची पोच जपावी.

‘हिशेब पूर्ण’ हे शब्दही पैसे जमा होण्याआधी लिहून देऊ नयेत, कारण त्यावर सही झाली की उरलेल्या रकमेवरचा दावा साधारणपणे संपतो. बोलणी चालू असली, तरी वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्यामुळे थांबत नाही. म्हणून पत्रात दहा दिवस लिहिले, तर अकराव्या दिवशी पुढचं पाऊल उचलावं.