धान्याच्या थप्पीसाठी ताडपत्रीचे मापन : आच्छादन, सांधा आणि बांधणीची कोर

प्रस्तावना

मराठवाड्यातील बाजार समित्यांच्या आवारात ऑक्टोबर महिन्यात दोन गोष्टी एकाच वेळी येतात. नव्या सोयाबीनची आवक आणि परतीचा पाऊस. गोदाम भरलेले असते, मोजमाप होऊन शिवलेली पोती ओट्यावर उघड्यावर रचली जातात आणि दुपारनंतर आकाश भरून आले की ताडपत्रीची धावपळ सुरू होते. त्या क्षणी लक्षात येते की ताडपत्री एका बाजूने जमिनीपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या बाजूला खालचे तीन थर उघडेच राहतात. हे घडण्याचे कारण बहुधा ताडपत्रीचा दर्जा हे नसून तिचे माप हे असते. थप्पीने व्यापलेली जागा मोजून ताडपत्री विकत घेतली जाते. वस्तुतः ताडपत्रीला जागा झाकावयाची नसून पृष्ठभाग झाकावयाचा असतो. प्रस्तुत लेखात एका ठराविक थप्पीच्या आधारे हे मापन कसे करावे, सांधा कोठे घ्यावा आणि बांधणीसाठी किती कोर सोडावी, याचे विवेचन केले आहे.

थप्पीचा आकार

उदाहरणादाखल ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशी थप्पी घेऊ. पन्नास किलोच्या भरलेल्या पोत्याची आडवी जाडी सुमारे २० सेंटिमीटर धरली, तर आठ थर सरळ रचले असता भिंतीची उंची १.६ मीटर होते. माथा सपाट ठेवला तर पावसाचे पाणी ताडपत्रीवर तुंबते, पोत्यांमधील खळग्यांत साचते आणि शिलाईच्या किंवा घर्षणाने झिजलेल्या ठिकाणी झिरपते. म्हणून अनुभवी हमाल वरचे थर आत घेत जातात. या उदाहरणात नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे चार थर चारही बाजूंनी प्रत्येकी ४० सेंटिमीटर आत घेतले आहेत. शेवटचा थर २.८ मीटर लांब व ०.८ मीटर रुंद उरतो आणि एकूण उंची २.४ मीटर होते. घराच्या भाषेत सांगावयाचे तर हे चौपाखी छप्पर झाले. दोन मीटर आडव्या अंतराला एक मीटर चढ, हा त्याचा उतार पाणी वाहून जाण्यास पुरेसा असतो.

अशा थप्पीत साधारणपणे साडेपाचशे पोती, म्हणजे २७५ क्विंटल सोयाबीन मावते. २०२५-२६ या हंगामाचा ५,३२८ रुपये हा हमीभाव धरल्यास तिची किंमत १४ लाख ६५ हजार रुपयांच्या घरात जाते. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. सोयाबीनचा दाणा पाणी झपाट्याने शोषतो, फुगतो, त्याची साल सुटते आणि पुढे बुरशी धरते. एकदा भिजलेले पोते वाळवून पुन्हा पूर्वीच्या प्रतीला येत नाही.

दोरीने घेतलेले माप

प्रचलित सूत्र असे आहे : रुंदीत उंचीची दुप्पट मिळवावी, लांबीतही उंचीची दुप्पट मिळवावी आणि दोन्हींत दोन्ही बाजूंची कोर मिळवावी. पेटीसारख्या चौकोनी थप्पीसाठी हे सूत्र निर्दोष आहे. चौपाखी थप्पीसाठी मात्र ते जास्तीचे माप देते, कारण उतारावरून जाणारी ताडपत्री आडवे आणि उभे अंतर वेगवेगळे कापत नाही; ती तिरकी जाते. आपल्या थप्पीत एका पाखीचे आडवे अंतर १.६ मीटर आणि उभे ०.८ मीटर आहे. पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार तिरकी लांबी १.७९ मीटर येते. त्यामुळे रुंदीच्या दिशेने जमिनीपासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे दोन भिंतींचे ३.२ मीटर, दोन पाख्यांचे ३.५८ मीटर आणि माथ्याचे ०.८ मीटर, मिळून ७.५८ मीटर. लांबीच्या दिशेने भिंती व पाख्या त्याच राहतात. फक्त माथा २.८ मीटरचा होतो. बेरीज ९.५८ मीटर.

हे गणित न मांडताही तेच उत्तर मिळते. एक सुतळी थप्पीवरून आडवी टाकावी, दोन्ही टोके खालच्या पोत्याच्या तळाशी धरावीत, ती ताणलेली असावी पण पोत्यांत रुतू नये, आणि मग तिची लांबी मोजावी. नंतर हेच लांबीच्या दिशेने, माथ्याच्या मध्यावरून करावे. पोती असमान भरलेली असतात, भिंती बाहेर फुगलेल्या असतात. कागदावरचे सूत्र हे फुगवटे पाहत नाही, सुतळी पाहते. सुटी रास असेल तर तिच्या बाबतीतही हीच पद्धत अवलंबावी. तेथे भिंत नसते, केवळ उतार असतो.

कोर किती सोडावी

कोर म्हणजे शिल्लक राहिलेला कपडा नव्हे. तिला दोन कामे असतात. थप्पी ओट्यावर थेट न रचता लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचलेली असते. तिची १५ सेंटिमीटर उंची झाकणे हे पहिले काम. उरलेली ३० सेंटिमीटर कोर बाहेरच्या बाजूस ओट्यावर पसरते, जेणेकरून पागोळीचे पाणी थप्पीपासून दूर पडावे आणि त्या पट्टीवर वाळू भरलेली पोती ठेवता यावीत. प्रत्येक बाजूस ४५ सेंटिमीटर धरल्यास आवश्यक माप रुंदीला ८.४८ मीटर व लांबीला १०.४८ मीटर होते. फुटांत सांगावयाचे तर साधारण २८ बाय साडेचौतीस.

येथे एक चूक हमखास घडते. वाऱ्याने कोर उडू नये म्हणून ती पोत्यांच्या खाली दुमडून दाबली जाते. दिसावयास बांधणी नीटनेटकी दिसते. परंतु भिंतीवरून ओघळलेले सर्व पाणी त्या दुमडीत पन्हळीसारखे साठते आणि खालचा थर तळातून भिजतो. कोर नेहमी बाहेरच पसरावी. ओट्याचा उतार आतल्या बाजूस असेल तर बाहेर पसरलेली कोरही निरुपयोगी ठरते, हे वेगळे सांगावयास नको.

एक की दोन

बाजारात ताडपत्री फुटांच्या ठरलेल्या मापांत मिळते. जागा मोजून आलेला ग्राहक २० बाय १३ फुटांची थप्पी आहे असे सांगतो आणि २४ बाय १८ ची ताडपत्री घेऊन जातो. ती जेमतेम छप्पर झाकते. आपल्या थप्पीला ४० बाय ३० ची एक ताडपत्री पुरते. तथापि ३० बाय २० च्या दोन ताडपत्र्यांचे क्षेत्रफळही तेवढेच, म्हणजे १,२०० चौरस फूट भरते, आणि त्या अधिक सोयीच्या ठरतात. ३० फुटांची बाजू (९.१४ मीटर) रुंदीच्या दिशेने टाकावी, ८.४८ मीटरची गरज भागून थोडे उरते. २० फुटांच्या दोन बाजू मिळून लांबीच्या दिशेने १२.१९ मीटर होतात, त्यातून १०.४८ मीटर वजा जाता १.७१ मीटरचा सांधा मिळतो. पेटीच्या सूत्राने रुंदीला ९.७ मीटर आले असते आणि ३० फुटांची ताडपत्री अपुरी ठरवून विनाकारण मोठे माप घेतले गेले असते.

छापील माप आणि प्रत्यक्ष माप यांत फरक असू शकतो, कारण कडा दुमडून शिवण्यात किंवा चिकटविण्यात काही भाग जातो. म्हणून दुकानातच ताडपत्री उलगडून एक बाजू मोजावी. आपल्या उदाहरणात रुंदीला ६६ सेंटिमीटरची सवड आहे, ती यासाठीच.

हा सांधा माथ्यावरून आडवा जातो आणि दोन्ही पाख्यांवरून पाण्याच्याच दिशेने खाली उतरतो. त्यामुळे पाणी वजनाने सांध्यात शिरत नाही; शिरते ते वाऱ्याच्या झोताने. म्हणून वरच्या ताडपत्रीची मोकळी कड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला यावी. परतीच्या पावसात वादळी ढगांबरोबर वारा दिशा बदलतो, त्यामुळे केवळ दिशेवर विसंबून न राहता सांध्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक दोरी थप्पीवरून आडवी टाकून बांधणे योग्य. ताशी ६० किलोमीटरच्या झोताचा दाब सपाट अडथळ्यावर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका असतो. हा सर्व ताण कडेच्या रिंगांवर आला तर रिंग कपड्यासह निघून येते. वरून टाकलेली दोरी तो ताण कपड्यावर वाटून देते आणि मुख्य म्हणजे ताडपत्रीला फडफडू देत नाही. ताडपत्री फाटते ती बहुधा एका झोताने नव्हे, तर रात्रभराच्या फडफडीने.

ट्रकच्या बाबतीत वारा समोरून येतो हे निश्चित असते. म्हणून तेथे मागची ताडपत्री आधी आणि पुढची तिच्यावर, असा क्रम ठेवावा. ६.७ मीटर लांब व २.४ मीटर रुंद हौद्यात माल फाळक्यांच्या वर ०.६ मीटर येत असेल आणि बाजूंनी व मागे ०.६ मीटर, पुढे ०.९ मीटर कोर फाळक्याबाहेर उतरवावयाची असेल, तर ४.८ बाय ९.४ मीटर माप लागते. ३० फुटांची ताडपत्री येथे २६ सेंटिमीटरने कमी पडते, आणि ही उणीव नेमकी पुढच्या कोरेत घेतली जाते, जेथे ती सर्वांत महाग पडते.

ओल कोठून आली

ताडपत्री काढल्यावर वरची पोती ओली आढळली की ती गळते असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो नेहमी खरा नसतो. गळतीची ओल रेषेत किंवा ठिपक्यात दिसते. सांध्याखाली, रिंगेखाली, भोकाखाली. माथ्यावरची सर्वच पोती सारखी दमट आणि भिंतीची पोती कोरडी असतील, तर ते पाणी धान्याचेच असते. चौदा-पंधरा टक्के ओलाव्याचे सोयाबीन झाकले की त्यातील बाष्प वर चढते, निरभ्र रात्री थंड झालेल्या ताडपत्रीच्या आतल्या बाजूस थेंब धरतात आणि माथ्यावर पडतात. अशा वेळी अधिक घट्ट बांधणी केल्याने नुकसान वाढते. ऊन पडताच भिंतींवरील कोर गुंडाळून वर घ्यावी आणि दोन ताडपत्र्या असल्यास वरची मागे सारून माथा दोन-तीन तास उघडा ठेवावा. सूर्यास्तापूर्वी पुन्हा झाकावा.