चुकलेल्या नावाखाली लाल रेघ येत नाही

नोव्हेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जी-20 परिषद भरणार होती. तिथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने 31 जागतिक नेत्यांच्या जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचे तपशील ईमेलने पाठवले. ओबामा, पुतिन, मर्केल, आपले मोदी, सगळे त्यात होते. ईमेल पोचला मात्र एशियन कप फुटबॉलच्या आयोजन समितीतल्या एका व्यक्तीकडे! 'To'च्या रकान्यात आउटलुकने आपणहून पूर्ण केलेलं नाव कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

नावाच्या चुकीची गोम इथेच आहे. शब्द चुकला तर कॉम्प्युटर लाल रेघ मारतो. चुकीच्या माणसाचं नाव बहुधा अगदी शुद्ध लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नसते. पाटीलच्या जागी पटेल पडले, तर इंग्रजीत फरक एका अक्षराचा, आणि दोन्ही नावं खरी.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला एक लघुउद्योजक गेल्या महिन्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला कोटेशन पाठवतो. आज त्याला किर्लोस्कर ब्रदर्सला पाठवायचंय. आडनाव एक, कंपन्या वेगळ्या. तो जुना ईमेल कॉपी करतो, दर बदलतो, वरचं नाव बदलतो. जुनं नाव तरीही विषयाच्या ओळीत, मजकुराच्या मध्ये, अटींच्या परिच्छेदात आणि पीडीएफ फाइलच्या नावात राहू शकतं. वर्ड फाइलवरून पीडीएफ केली असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जुनं शीर्षक राहतं आणि फाइल ब्राउझरमध्ये उघडली की ते टॅबवर झळकतं.

हे नुसतं वाचून सापडत नाही. मजकूर आपणच लिहिलेला असला की डोळे अपेक्षित तेच वाचतात. म्हणून नवीन नाव बरोबर आहे का हे बघण्याआधी जुनं नाव कुठे उरलंय का ते शोधावं. मजकूर वर्डमध्ये घेऊन Ctrl+F दाबायचं आणि जुन्या नावाचा वेगळा तुकडा टाकायचा. इथे 'किर्लोस्कर' शोधून उपयोग नाही, ते दोन्हीकडे आहे; 'ऑइल' शोधायचं. मग तोच शोध पीडीएफमध्ये. विषयाची ओळ आणि फाइलचं नाव या शोधात येत नाहीत, ते डोळ्यांनीच पाहावे लागतात.

नवीन नाव आठवणीतून टाईप करू नये. समोरच्याच्या चौकशीच्या ईमेलमधल्या सहीतून उचलावं. जीएसटी क्रमांक दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर तो टाकून कायदेशीर नाव बघता येतं. लिमिटेड की प्रायव्हेट लिमिटेड, हेही तिथेच कळतं. व्यक्तीचं नाव किरण असेल तर 'सर' लिहिण्याआधी एक फोन केलेला बरा.

ऑटोकरेक्टचा उपद्रव मोबाइलवर जास्त. लार्सन अँड टुब्रोमधल्या 'टुब्रो'चं 'टर्बो' व्हायला वेळ लागत नाही, कारण टर्बो त्याच्या शब्दकोशात असतो. 'डेफिनिटली'चं स्पेलिंग गडबडलं तर तो 'डिफायंटली' करून देतो, म्हणजे पंधरा तारखेपर्यंत माल नक्की पोचवण्याऐवजी तुम्ही तो उद्दामपणे पोचवणार. जुन्या स्पेलचेकरांनी तर 'को-ऑपरेशन' हा शब्द मधल्या रेघेशिवाय लिहिला की 'क्युपर्टिनो' सुचवला, आणि ते कॅलिफोर्नियातलं शहर युरोपीय संघाच्या कागदपत्रांतही जाऊन बसलं. अशा बदललेल्या शब्दाखालीही रेघ नसते. तो मोठ्याने वाचल्यावर कानाला खटकतो. मोबाइलवर लिहिलेला महत्त्वाचा ईमेल ड्राफ्टमध्ये ठेवून कॉम्प्युटरवर उघडून वाचला, तर ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि नजर अडखळते. इथे ते अडखळणं फायद्याचं.

पत्ता सगळ्यात शेवटी भरायचा. उत्तर पाठवताना तो आधीच भरलेला असतो. अशा वेळी तो काढून टाकावा, म्हणजे अर्धवट ईमेल चुकून जाणार नाही. भरताना नुसतं नाव दिसतं, त्यावर क्लिक करून @ च्या पुढचा भाग बघावा. एकाच नावाचे दोन संजय असतील तर फरक तिथेच दिसतो. आउटलुकच्या सुचवणीत नको असलेल्या पत्त्याशेजारच्या फुलीवर क्लिक केलं की तो पुन्हा पुढे येत नाही.

जीमेलमधल्या 'Undo Send'ची मुदत मुळात 5 सेकंद असते, सेटिंग्जमध्ये ती 30 पर्यंत वाढवता येते. आउटलुकचं 'Recall' आपल्याच संस्थेतल्या पत्त्यांपुरतं. बाहेर जीमेलवर गेलेला ईमेल त्याने परत येत नाही. तोवर समोरच्याने वाचलं असेल तर चूक नावापुरती असल्यास दुरुस्त ईमेल आणि माफीची एक ओळ पुरते. एका ग्राहकाचे दर दुसऱ्याकडे गेले असतील तर ईमेल लिहीत बसू नये. ज्याला गेले त्याला फोन करून ते काढून टाकायला सांगायचं, आणि ज्याचे होते त्यालाही आपणच कळवायचं.