वाय-फाय आहे, इंटरनेट नाही: अडचण एकाच फोनची असते तेव्हा

फोनवर वाय-फायच्या चिन्हाजवळ उद्गारचिन्ह येते आणि नेटवर्कच्या नावाखाली `Connected without internet` अशी सूचना दिसते. या सूचनेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासवर्ड जुळला आणि फोन राउटरशी जोडला गेला, ही पहिली. त्यानंतर अँड्रॉइडने गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवली आणि तिचे अपेक्षित उत्तर आले नाही, ही दुसरी. जोडणी तर झालेलीच आहे. त्यामुळे रेंज चांगली असताना फोन घेऊन राउटरजवळ जाऊन बसण्याने सहसा काही साधत नाही.

सुरुवातीला घरातली बाकीची उपकरणे खरोखर वाय-फायवर चालतात का, हे पाहावे. वाय-फायवर इंटरनेट नसेल तर बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटा वापरू लागतात आणि सगळे सुरळीत असल्याचा भास होतो. म्हणून दुसऱ्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून एखादे संकेतस्थळ उघडावे. ते उघडले तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे आणि शोध त्या एका फोनभोवतीच घ्यायचा आहे.

एक उदाहरण घेऊ. घरातला राउटर बदलला. कुणाला पुन्हा पासवर्ड टाकायला लागू नये म्हणून नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. टीव्ही, लॅपटॉप, बाकीचे फोन लगेच चालू झाले. एक फोन मात्र जोडला जाऊनही इंटरनेट देईना.

अशा वेळी वाय-फायच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावापुढचे दातेरी चाक दाबून आयपी पत्ता पाहावा आणि तो चालणाऱ्या उपकरणाच्या पत्त्याशी ताडून पाहावा. लॅपटॉपवर पत्ता होता 192.168.1.7 आणि गेटवे 192.168.1.1. फोनवर पत्ता 192.168.0.50 आणि गेटवे 192.168.0.1. गेटवे म्हणजे घराबाहेर जाणारी प्रत्येक विनंती ज्याच्या हाती द्यायची तो पत्ता, म्हणजे राउटरच. फोन आपल्या विनंत्या 192.168.0.1 कडे पाठवत होता आणि नव्या घडीत त्या पत्त्यावर कुणीच नव्हते. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकल्यावर राउटरचे लॉगिनचे पान उघडत होते, फोनवर ते उघडत नव्हते. म्हणजे गाडी राउटरच्याही अलीकडेच अडली होती.

एरवी राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता स्वतः वाटतो. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. या फोनमध्ये मात्र `IP settings` पुढे `Static` होते. कधीतरी कुणीतरी डीएनएस बदलून 8.8.8.8 करायला गेले होते. अनेक अँड्रॉइड फोनवर डीएनएसचा रकाना `Static` निवडल्यावरच दिसतो, आणि मग पत्ता आणि गेटवेही तिथेच पक्के होऊन बसतात. ही नोंद नेटवर्कच्या नावासोबत साठते. नाव तेच असल्याने फोनने नव्या राउटरला जुनाच समजून जुने आकडे वापरले. `Static` च्या जागी `DHCP` निवडून सेव्ह करताच नवा पत्ता मिळाला आणि उद्गारचिन्ह गेले. नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडल्यावर अनेकांचे काम होते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते: त्या नावासोबतची जुनी नोंद पुसली जाते.

पत्ता बरोबर असेल आणि राउटरचे पानही उघडत असेल, तर ब्राउझरमध्ये `https://1.1.1.1` उघडून पाहावे. ते उघडले पण नावाने एकही संकेतस्थळ उघडले नाही, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्यात आहे. अँड्रॉइड 9 पासून `Private DNS` ही सोय आली. जाहिराती रोखण्यासाठी तिथे एखाद्या सर्व्हरचे नाव टाकलेले असते. तो सर्व्हर बंद पडला किंवा त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर फोन दुसरा मार्ग घेत नाही. तिथे `Automatic` निवडावे. ही सेटिंग सबंध फोनची असल्यामुळे नेटवर्क ‘फर्गेट’ करून ती जात नाही. सर्व्हरच बंद असेल तर मोबाइल डेटावरही इंटरनेट चालत नाही, आणि हीच तिची मोठी खूण.

राउटरचे पान उघडते, पण 1.1.1.1 उघडत नाही, अशी स्थिती असेल तर आधी फोनमधले व्हीपीएन बंद करून पाहावे. त्यानेही फरक पडला नाही तर तोच फोन दुसऱ्या कुणाच्या हॉटस्पॉटला जोडावा. तिथे तो नीट चालला तर राउटरमध्ये त्या फोनवर बंदी आहे का, मुलांसाठी लावलेली वेळेची मर्यादा त्याला लागू झाली आहे का, हे राउटरच्या पानावर तपासावे. सगळी नेटवर्क सेटिंग रीसेट करण्याचा उपाय अगदी शेवटी ठेवावा, कारण त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि बहुतेक फोनवर ब्लूटूथच्या जोड्याही पुसल्या जातात.