दहाच्या नोटेपासून व्यवहाराकडे

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढाला व्यवहार शिकवताना घरचे बहुधा बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडतात. दुकानात जाण्यासाठी हिशेब पक्का असावाच लागतो असे नाही. त्यासाठी ‘एक नोट जास्त’ ही पद्धत उपयोगी पडते. बिस्किटांचा पुडा ३७ रुपयांचा असेल, तर ३ हा आकडा पाहून दहाच्या तीन नोटा मोजायच्या, वर एक द्यायची आणि उरलेले पैसे परत येईपर्यंत थांबायचे. किंमत नेमकी ४० असली तरी हीच रीत. एक नोट परत येते, एवढेच. मराठीत ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात. त्यामुळे किंमत नुसती ऐकण्यापेक्षा छापील किंवा कॅल्क्युलेटरवर पाहिलेली बरी.

सराव खऱ्या नोटांनी आणि खऱ्या दुकानातच करावा. शिकणारा अडला, की लगेच सांगू नये. चार-पाच सेकंद थांबावे, मग नोटेकडे बोट दाखवावे आणि तरीही जमले नाही तरच शब्दांत सांगावे. एकाच दुकानात जमणारे काम दुसऱ्या दुकानात अडले, तर ते अजून पक्के झालेले नाही.

पुढची पायरी अंदाजपत्रकाची. समजा, आठवड्याला ३५० रुपये हातात येतात. सोमवार ते शनिवार कार्यशाळेत जायला बसचे रोज २० आणि चहाचे १० लागतात, म्हणजे सहा दिवसांचे १८० झाले. रविवारच्या आवडीच्या खर्चाला ७० आणि बचतीला १००. प्रत्येक वाराचे वेगळे पाकीट करून त्यात त्या दिवसाच्याच नोटा ठेवाव्यात. बुधवारचे चहाचे पैसे मंगळवारीच संपले, तर घरच्यांनी ते भरून देऊ नयेत. त्या दिवशी चहा नाही, हाच धडा. बसभाड्याचा मात्र जादा पैसा पिशवीत वेगळा असावा, म्हणजे वाटेत अडकण्याची वेळ येत नाही.

फसवणूक बहुतेकदा गोड बोलून होते. ‘जरा उसने दे’ असे कोणी म्हटले, तर ‘घरी विचारून सांगतो’ हे एकच वाक्य घरात पुन्हा पुन्हा वठवून घ्यावे. मोबाइलवर पैसे देणाऱ्यासाठी यूपीआय सर्कलची सोय आहे. तिच्या एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला घरच्या विश्वासू व्यक्तीची मंजुरी लागते. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हा नियम पाठ असावा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवावे.

पैसे कशावर खर्च करायचे, हा निर्णय मात्र त्या व्यक्तीचाच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क तिलाही इतरांइतकाच आहे. रविवारचे ७० रुपये तिने वड्यावर खर्च केले की रिबिनीवर, यात कुणी ढवळाढवळ करू नये.